चकली भाजणीसाठी पिंटरेस्ट: एक पान, चार पिना, दरवर्षीची दिवाळी

(वडोदऱ्यातल्या घरगुती खाद्यपदार्थ व्यावसायिकांसाठी माहितीपत्रक)

इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो दोन-तीन दिवसांत मागे पडतो. पिंटरेस्टवर लोक शोधायला येतात, त्यामुळे गेल्या वर्षीची पिनही, म्हणजे वेबसाइटची लिंक जोडलेलं चित्रही, यंदाच्या शोधात वर येऊ शकते. वेग मात्र कमी. पहिले दोन-तीन महिने जवळपास काहीच हलत नाही, म्हणून दिवाळीच्या आठवड्यात सुरुवात केली तर त्या वर्षी तिचा उपयोग नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पिना वर असायला हव्यात.

आधी काय विकायचं ते ठरवा. पिंटरेस्टवरून येणारा माणूस रावपुऱ्यातला असेलच असं नाही. तो नागपूरचा असेल, नाहीतर बंगळुरूचा. तयार चकली कुरिअरमध्ये मोडते, भाजणीचं पाकीट सुखरूप पोचतं. म्हणून पिनांचा रोख भाजणीवर ठेवा. फक्त शहरात घरपोच देत असाल, तर या कामात वेळ घालू नका असंच आम्ही सांगू.

पान आधी, पिन नंतर

वेबसाइटवर चकलीचं एकच पान करा. त्यात पूर्ण कृती द्या. उदाहरणार्थ, तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, मूग डाळ १, उडीद डाळ अर्धी, सोबत धणे-जिरे. भाजणी मागवण्याचं बटण कृतीच्या वरही हवं आणि खालीही.

पत्ता `/chakli-bhajani` असा साधा ठेवा. `/diwali-2025-chakli` असा ठेवू नका. वर्ष उलटलं की तो पत्ता बदलावासा वाटतो, आणि इथेच सगळी मेहनत वाया जाते. तुमची पिन लोकांनी आपापल्या बोर्डांवर, म्हणजे पिनांच्या संग्रहांत, जपून ठेवलेली असते आणि त्या प्रतींमध्ये जुनाच पत्ता असतो. तो बदलणं तुमच्या हातात नाही. माणूस दाबतो, ‘पान सापडलं नाही’ असं येतं आणि तो निघून जातो. पत्ता बदलणं भागच असेल, तर जुन्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट लावून घ्या, म्हणजे जुना पत्ता दाबणारा आपोआप नव्यावर पोचेल.

त्यानंतर मोफत बिझनेस खातं उघडून वेबसाइट आपली असल्याची नोंद करा. पिंटरेस्ट एक कोड देतं, तो पानाच्या `<head>` भागात जातो:

```
<meta name="p:domain_verify" content="CODE">
```

`CODE` च्या जागी तुम्हाला मिळालेला कोड घाला.

चार पिना कशा वेगळ्या करायच्या

एकच फोटो चारदा टाकू नका. पान एकच, पण त्याकडे येणारे प्रश्न चार.

पहिली पिन प्रमाणाची: वाट्यांमध्ये मांडलेल्या डाळी. दुसरी अडचणीची, ‘चकली तेलात विरघळते?’ आमच्या मते सगळ्यांत कामाची हीच, कारण फसलेला घाणा समोर असताना माणूस उत्तर शोधतोच. उत्तर पानावर नीट द्या: मोहन जास्त झालं की चकली विरघळते, आणि बुडबुडे कमी व्हायच्या आत बाहेर काढली तर मऊ राहते. तिसरी गुजराती शेजाऱ्यांसाठी. ते ‘चकरी’ म्हणतात, तेव्हा शीर्षकात `chakri` हवंच. चौथी पाकिटाची, शेजारी काटे स्पष्ट दिसणाऱ्या दोन चकल्या.

चित्र उभं, १००० × १५०० पिक्सेल. त्याहून लांब चित्र यादीत कापलं जाऊ शकतं. चित्रावर चार-पाच शब्द पुरेत, पण अक्षरं फोनवर हात लांब धरूनही वाचता यायला हवीत. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणून मुख्य शब्द सुरुवातीला. ते शब्द मनाने ठरवू नका. शोधपट्टीत `chakli` टाका आणि खाली काय सुचवलं जातं ते पाहा. पुष्कळ मराठी माणसं रोमन अक्षरांत शोधतात, म्हणून वर्णनात दोन्ही लिपी ठेवा.

बोर्डाचं नाव ‘माझे पदार्थ’ असेल तर त्यातून काहीच कळत नाही. ‘दिवाळी फराळ रेसिपी’ चालेल. पिना आठवड्याला एक अशा सोडा. छोट्या केलेल्या लिंका वापरू नका. त्या फसव्या समजून अडवल्या जाऊ शकतात.

काय मोजायचं

`Impressions` चा आकडा मोठा दिसतो, पण तो फक्त पिन नजरेसमोर आल्याचा. तुम्हाला `Outbound clicks` बघायचे आहेत, म्हणजे वेबसाइटवर आलेली माणसं. समजा, डाळींची पिन १०,००० वेळा दिसली आणि २० जण आले, तर ‘विरघळते?’ २,००० वेळाच दिसूनही ५० जण आले. मग पुढच्या दोन पिना अडचणींवरच करा: चकली मऊ का पडते, सोऱ्यातून का तुटते.

माणसं येतात पण मागणी येत नाही, असं झालं तर दोष पिनेत शोधू नका. आपलं पान फोनवर उघडा. कुरिअरचा खर्च आणि पाकिटाचं वजन बटणाजवळ दिसत नसेल, तर आधी ते लिहा. हा हिशेब दर आठवड्याला नको, तीन महिन्यांनी करा; आणि दिवाळी झाल्यावर पिना काढून टाकू नका.