लिनक्सवर चालणारं नाव विंडोजला का चालत नाही

इंदूरला रामबागेत माझी आत्या राहते, तिचं भजनी मंडळ आहे, आणि मंडळाची सगळी रेकॉर्डिंगं मी माझ्या लिनक्स लॅपटॉपवरून तिच्या विंडोज कॉम्प्युटरवर सिंक करतो. परवा तिचा फोन आला, "अरे, काकडा आलाच नाही बघ." बघितलं तर 14 फाइली अडकलेल्या, बाकी सगळं नीट पोचलेलं.

चार फाइलींचं कारण लगेच सापडलं. मी नाव दिलं होतं "काकडा 5:30.mp3". लिनक्सला नावात फक्त / चालत नाही (आणि एक न दिसणारं शून्य अक्षर), बाकी काहीही लिहा. विंडोजला मात्र < > : " / \ | ? * यातलं एकही चालत नाही, कारण यातल्या बऱ्याच चिन्हांना तिथे आधीच कामं वाटून दिलेली आहेत. : हे ड्राइव्हच्या अक्षरापुढे येतं, शिवाय विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर एका फाइलच्या पोटात दुसरा लपलेला डेटा ठेवायची सोय असते, तिथेही नावं वेगळी करायला हेच चिन्ह वापरतात. म्हणून सिंकचा चांगला प्रोग्राम अशी फाइल सरळ नाकारतो, आणि ते बरंच आहे. एखाद्या साध्या प्रोग्रामने ती तशीच लिहायला घेतली तर "काकडा 5" नावाची 0 केबीची फाइल दिसते आणि खरं गाणं तिच्या पोटात "30.mp3" नावाने लपून बसतं. तुमच्याकडे अशी रिकामी फाइल दिसली तर पुसू नका, आधी कमांड प्रॉम्प्टवर त्या फोल्डरमध्ये `dir /r` चालवून बघा, आत काही लपलेलं असेल तर दिसेल.

पुढच्या तीन फाइली "पदं इ." नावाच्या फोल्डरात होत्या. मराठीत आपण इ., सौ., कै. असं सर्रास लिहितो, पण नावाच्या शेवटी टिंब किंवा स्पेस असली की विंडोज ती गुपचूप काढून टाकतं, मग फोल्डर होतो "पदं इ" आणि सिंकला वाटतं की आपला फोल्डर तिकडे नाहीच. एका टिंबापायी आतलं सगळं अडकतं.

राहिल्या सात, आणि त्यांच्यात खरी गंमत होती, कारण नावात वावगं असं एकही चिन्ह नव्हतं. मला सवय आहे अभंगाची पहिली ओळच फाइलचं नाव म्हणून टाकायची, वर वर्ष, मंदिर, गाणारे असे फोल्डर एकात एक. विंडोजची जुनी मर्यादा अशी की ड्राइव्हपासून फाइलच्या शेवटापर्यंतचा अख्खा पत्ता 260 अक्षरांत बसायला हवा, त्यातलं एक शेवटचं न दिसणारं, म्हणजे आपल्या हातात 259.

आता मोजायचं कसं? "ज्ञानेश्वरी" डोळ्याला चार अक्षरं दिसतात, ज्ञा, ने, श्व, री. कॉम्प्युटरसाठी ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, वेलांटी अशी 11. म्हणजे देवनागरी नाव दिसतं त्याच्या दुप्पट-तिप्पट जागा खातं. लिनक्सचा हिशोब आणखी वेगळा, तिथल्या नेहमीच्या ext4 डिस्कवर एकेका नावाला 255 बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, म्हणजे एका नावात 85 चिन्हं. पण तिथे अख्ख्या पत्त्याची मर्यादा खूप मोठी आहे, म्हणून माझ्याकडे कधी अडलंच नाही.

सगळ्यात लांब फाइल मी मोजली, सिंक फोल्डरच्या आत 231. आत्याकडे तो फोल्डर `C:\Users\Sunanda\Documents\SyncBhajan\` इथे होता, हे झाले 38. एकूण 269, मर्यादेच्या 10 वर. म्हणजे दोष नुसत्या फाइलच्या नावाचा नव्हता, फोल्डर कुठे ठेवलाय त्याचाही होता. तो `C:\B\` मध्ये हलवला, मुळाची 38 अक्षरं 5 झाली, एकूण 236, आणि सातही आल्या.

विंडोज 10 मध्ये 2016 पासून `LongPathsEnabled` नावाची रजिस्ट्री सेटिंग आहे, ती 1 केली की ही मर्यादा सुटते, पण फक्त ज्या प्रोग्रामने स्वतः लांब पत्ते चालतात असं सांगितलंय त्यांच्यासाठीच. त्यामुळे फाइल पोचते आणि आत्याच्या जुन्या प्लेअरमध्ये उघडत नाही असं होऊ शकतं, म्हणून मी तरी मूळ फोल्डरच आखूड ठेवतो.

: आणि टिंबाच्या नावांचं काम मात्र लिनक्सकडेच केलं, तिथे नाव बदललं की सिंक नवीन नाव आपणहून नेतं. शोधायला हे दोन:

```
find . -name '*[<>:"\\|?*]*'
find . -name '?*[ .]'
```

काकड्याचं नाव आता "काकडा 5-30.mp3" आहे, आणि आत्याने तो त्याच संध्याकाळी ऐकला.