मखर पुठ्ठ्याचं की सनबोर्डचं? व्हिडिओत आधी कड दाखवा

श्रावण लागला की मोबाइलवर मखरांचे व्हिडिओ सुरू होतात. समईचा उजेड, पांढरीशुभ्र कमान, तिच्यावर सोनेरी जाळी आणि खाली एक ओळ: ‘थर्माकोलमुक्त, इको-फ्रेंडली मखर’. हे मखर पुठ्ठ्याचं असू शकतं, तसंच सनबोर्डचंही. मी मखर बनवणाऱ्यांसाठी असे व्हिडिओ चित्रित करतो, आणि रंग चढवल्यावर समोरून पाहून मलाही दोन्हींतला फरक सांगता येत नाही.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली. त्या गणपतीत सजावटीपुरती सूट मिळावी म्हणून व्यापारी मुंबई उच्च न्यायालयात गेले, पण ती मिळाली नाही. मग पर्याय शोधले गेले, त्यातले हे दोन. पुठ्ठा म्हणजे कागदच. सनबोर्ड म्हणजे दुकानांच्या पाट्यांना वापरतात तो पीव्हीसीचा हलका, दाट पत्रा, म्हणजे प्लास्टिक. त्यामुळे सनबोर्डच्या मखराला ‘थर्माकोलमुक्त’ म्हणणं खरं आहे, ‘इको-फ्रेंडली’ म्हणणं नाही. एकाच ओळीत दोन्ही शब्द शेजारी आले की पहिल्याच्या खरेपणावर दुसराही खपून जातो.

फरक कळतो तो कडेला. म्हणून व्हिडिओचे पहिले तीन-चार सेकंद मी आरासीला देत नाही, कडेला देतो. मोबाइल अगदी जवळ नेऊन, खिडकीच्या उजेडात. पुठ्ठ्याच्या कडेत दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी पन्हळ दिसते. पाच प्लायचा, म्हणजे पाच थरांचा असेल तर अशा पन्हळी दोन. लेसरने कापलेला असेल तर कड तपकिरी, जराशी करपलेली असते. सनबोर्डची कड आतबाहेर सारखी पांढरी आणि भरीव. ती करपलेली सहसा दिसणार नाही, कारण पीव्हीसी लेसरखाली धरलं तर त्यातून आम्लधर्मी विषारी वायू निघतो, यंत्रालाही गंज चढतो. जाणते कारागीर ते राउटरने, म्हणजे फिरत्या पात्याच्या यंत्राने कापतात.

कडेवर रंगीत पट्टी चिकटवलेली असेल तर मात्र हा पुरावा झाकला जातो. अशा वेळी कापून उरलेला तुकडा कॅमेऱ्यासमोर फाडावा. पुठ्ठा फाटतो आणि तंतू बाहेर येतात. सनबोर्ड वाकतो, मग कडकन मोडतो. फाडताना वरून पातळ पारदर्शक पापुद्रा ताणला गेला, तर पुठ्ठ्यावर प्लास्टिकचं लॅमिनेशन आहे. तेही व्हिडिओत बोलून सांगावं. पाण्याचा थेंब टाकून दाखवायची पद्धत मला पटत नाही, कारण लॅमिनेशन केलेल्या पुठ्ठ्यावरही थेंब तसाच उभा राहतो.

पुनर्वापराच्या बाबतीत प्रामाणिक राहायला हवं: सनबोर्ड जास्त टिकतो. त्याला दमट हवेने काही होत नाही. पुठ्ठा कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात पोटमाळ्यावर उघडा ठेवला तर मऊ पडतो, आणि आधी भाग एकमेकांत बसवायच्या खाचा सैल होतात. म्हणून ‘वर्षानुवर्षं वापरा’ असं लिहिण्यापेक्षा मागच्या वर्षी वापरलेलं मखर खोक्यातून काढून, एकाही ठिकाणी न तोडता, एका सलग शॉटमध्ये उभं करून दाखवावं. खाच सैल असेल तर कमान हललेली दिसेल, दिसू द्यावी. आवरतानाचा शॉटही हवा: कोरड्या फडक्याने पुसणं, सुटे भाग सपाट रचणं, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून जमिनीपासून उंच ठेवणं.

आता किंमत. समजा पुठ्ठ्याचं मखर १,६०० रुपयांना आहे आणि चार गणपती निघाले, तर वर्षाला ४०० रुपये पडले. त्याच मापाचं सनबोर्डचं २,४०० रुपयांना आहे आणि सहा वर्षं टिकलं, तर तेही ४०० रुपयेच. म्हणजे पुठ्ठा वर्षाकाठी स्वस्त पडतो, असं व्हिडिओत छातीठोकपणे सांगता येत नाही. फरक पडतो तो मखर निकामी झाल्यावर. साधा पुठ्ठा रद्दीवाला वजनावर घेऊन जातो. रंगवलेला, चमकी आणि गोंद लागलेला सनबोर्ड भंगारवाला सहसा हातात धरत नाही, तो कचऱ्यात जातो. पुठ्ठ्यावरही चमकी आणि सोनेरी फॉइल भरभरून चढवली की रद्दीची ही वाट बंद होते. म्हणून मी कारागिरांना सोनेरी रंग ब्रशने द्यायला सांगतो.

‘किंमत इनबॉक्समध्ये’ असं लिहू नये. गिऱ्हाईक रात्री दहाला व्हिडिओ पाहतं आणि उत्तर येईपर्यंत दुसरीकडे पैसे भरून मोकळं होतं. आकडाही नुसता नको, कारण मखराची बाहेरची उंची पाहून घेतलं आणि मूर्तीचा मुकुट कमानीला टेकला, हा घोळ दरवर्षी होतो. शेवटचे पाच सेकंद पडद्यावर एवढं ठेवावं: ‘पाच प्लाय पुठ्ठा, लॅमिनेशन नाही. मूर्ती १२ इंचांपर्यंत. १,६०० रुपये, दिव्यांची माळ वेगळी. निरांजन मखराबाहेर ठेवावं.’