निवेदन थांबतं तिथे: संगीतावरच्या शब्दांची पार्श्वभूमी

पार्श्वसंगीतावर निवेदन लिहायचं म्हटलं की बहुतेक जण आधी मजकूर पुरा करतात आणि संगीत मागाहून त्याच्याखाली सरकवतात. मग बासरी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत दबलेलीच राहते. ही सवय मिक्सिंगच्या सोयीतून आली. मुळात प्रकार अगदी वेगळा होता.

१७७० साली फ्रान्सच्या लियाँ शहरात रूसोचं ‘पिग्मालियाँ’ रंगमंचावर आलं. शब्द रूसोचे, संगीत बरंचसं ओरास क्वान्ये यांचं. नट बोलायचा आणि थांबायचा, मग वाद्यवृंद वाजायचा आणि तेवढ्या वेळात नट नुसत्या हावभावांवर प्रसंग पुढे न्यायचा. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. वाद्यं मोठ्याने वाजू लागली की साधं बोलणं बुडणारच, त्यामुळे आळीपाळी हाच सोपा मार्ग होता. गेओर्ग बेंडा यांनी १७७५ मध्ये जर्मनीतल्या गोथा इथे ‘आरिआड्ने’ केलं. त्यात शब्द आणि संगीताचे तुकडे असेच एकाआड एक येतात, पण मोजक्या ठिकाणी नटी संगीत चालू असतानाच बोलते. नोव्हेंबर १७७८ मध्ये मोत्सार्टने वडिलांना लिहिलेल्या पत्रात या प्रकाराचं तोंडभरून कौतुक आहे.

माइक आणि ध्वनिपट्टी आल्यावर आळीपाळीची सक्ती उरली नाही. तरीही १९३६ सालचा ब्रिटिश माहितीपट ‘नाइट मेल’ या बाबतीत आजही ऐकण्यासारखा आहे. विषय अगदी साधा: स्कॉटलंडकडे रात्रीतून टपाल नेणारी गाडी. शेवटच्या काही मिनिटांसाठी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी पद्य लिहिलं आणि बेंजामिन ब्रिटन यांनी संगीत दिलं. पद्य चित्राच्या लांबीत बसवताना ऑडनच्या बऱ्याच ओळी गळाल्या. (कवीच्या ओळी कापायला धाडस लागतं, पण त्या कापल्या म्हणूनच हा तुकडा टिकला, असं मला वाटतं.) वेगवान कडव्यांत शब्द चाकांच्या ठेक्यावर पळतात आणि त्यांच्याखाली तालच पुढे असतो. शब्दांशी भांडेल अशी ठळक चाल तिथे नाहीच. शेवटी जॉन ग्रिअर्सन यांचा संथ आवाज येतो आणि सगळी गती बदलते. बोलण्याखाली ठेका ठेवायचा आणि बोलणं थांबलं की सूर पुढे आणायचा, ही वाटणी माझ्या मते इथून शिकावी.

पुढे टेप आली, आवाज कमी-जास्त करणारे फेडर आले आणि आवाज सुरू होताच संगीत आपोआप खाली घेणारी यंत्रणा आली. मजकुरात जागा सोडायची गरज संपल्यासारखी वाटली. पण संगीत पंधरा-वीस डेसिबल खाली नेलं की उरते ती नुसती गुणगुण, चाल कानात धरता येत नाही. शिवाय यंत्रणेचा परत वर येण्याचा वेळ कमी ठेवला, तर निवेदक श्वास घेतो तेवढ्यात संगीत उसळतं आणि पुन्हा दबतं. फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकलं की हे हेलकावे लगेच कळतात. जागा कागदावर नसेल, तर ती नंतर यंत्र काढून देत नाही.

कागदावर ती कशी काढायची? समजा तीनतालातली बासरीची गत आहे, लय मिनिटाला ८० मात्रा. म्हणजे सोळा मात्रांचं एक आवर्तन बारा सेकंदांचं. मुखडा, म्हणजे गतीचा ओळखीचा सुरुवातीचा तुकडा, बाराव्या मात्रेवर उठतो आणि समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येतो. पहिलं आवर्तन बासरीला पूर्ण द्यायचं. पुढच्या दोन आवर्तनांत निवेदन. समेनंतर दोन मात्रा सोडून सुरुवात करायची आणि दुसऱ्या आवर्तनाची अकरावी मात्रा संपायच्या आत थांबायचं. मधला मुखडा खाली हलकाच जाऊ द्यायचा, पण हा शेवटचा मुखडा मोकळा ऐकू यायला हवा. हातात उरतात साधारण एकोणीस सेकंद. सेकंदाला दोन शब्द धरले तर अडतीस होतात, पण विराम धरून मी पस्तिशीच्या आतच लिहितो. त्यानंतर एक अख्खं आवर्तन पुन्हा बासरीचं. स्क्रिप्टमध्ये तिथे नुसतं ‘संगीत’ लिहून भागत नाही. ‘समेपासून एक आवर्तन, बारा सेकंद’ असं लिहिलं की रेकॉर्डिस्टही ती जागा खात नाही.

मराठीत एक अडचण खास आपली आहे. क्रियापद शेवटी येतं. ‘गाव धरणात गेलं, पण उन्हाळ्यात देवळाचा कळस वर येतो’ हे वाक्य जरा लांबलं आणि ‘कळस’पाशीच मुखडा उठला, तर कळसाचं काय झालं तेच कळत नाही. अशा वेळी शब्द कमी करण्याआधी मी वाक्य फिरवून बघतो: ‘गाव धरणात गेलं, पण उन्हाळ्यात वर येतो देवळाचा कळस.’ आता ‘कळस’वर बासरी आली तरी वाक्य तुटत नाही.