जोरजोरात श्वास घेतल्याने ऑक्सिजन साठतो का?

“बुडी मारण्याआधी दहा-पंधरा वेळा जोरजोरात श्वास घ्यायचा, ऑक्सिजन साठतो. पट्टीच्या पोहणाऱ्याला कसला धोका?”

साठत जवळजवळ काहीच नाही. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन साध्या श्वासावरही ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि श्वासासाठीची तगमग मुख्यतः तो वाढल्यामुळेच होते. थोडक्यात, टाकी तेवढीच राहिली, काटा मात्र बिघडवला.

२५ मीटरच्या तलावात पाण्याखालून दोन फेऱ्या मारणारा घ्या. पहिली भिंत आली तरी त्याला अगदी निवांत वाटतं. इकडे स्नायू ऑक्सिजन खातच असतात. परतीच्या वाटेवर ऑक्सिजन इतका उतरतो, की तगमग सुरू होण्याआधीच शुद्ध हरपते. हातपाय झाडणं नाही, हाक नाही. काठावरच्यांना वाटतं, गडी दम धरून आहे! बेशुद्धीत शरीर आपोआप श्वास घेतं आणि आत पाणी जातं. त्याला कमरेएवढं पाणीही पुरतं.

तयारीचा पोहणारा उलट जास्त फसतो, कारण जोरात श्वास न घेताही तगमग दाबून पुढे जायचं हेच तो शिकलेला असतो. काठावरून ओळखायची खूण एकच: हालचाल थांबली, की वाट न बघता त्याला वर काढायचं.