थॅलियम गेलं, टेक्नेशियम आलं: हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या स्कॅनमागची गोष्ट

सोलापुरात छातीत दुखतंय म्हणून कुणी गेलं की ठरलेला क्रम असतो, ईसीजी, टूडी इको, मग टीएमटी म्हंजे ट्रेडमिलवर पळवत काढलेला ईसीजी, आणि त्यात शंका राहिली तर स्ट्रेस इको नाहीतर डायरेक्ट अँजिओ. पण अधूनमधून एखाद्याच्या कागदावर डॉक्टर "स्ट्रेस थॅलियम" लिहितात आणि घरच्यांना प्रश्न पडतो की इको हाताशी असताना हे सुईतून किरणोत्सारी औषध देऊन फोटो काढायचं कशासाठी. त्याचं उत्तर पन्नासेक वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगात आहे.

१९७४ मध्ये लान्स गूल्ड आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची रक्तवाहिनी हळूहळू आवळत नेली आणि रक्त किती वाहतं ते मोजलं. आरामात असताना वाहिनी जवळपास ८५ टक्के आवळेपर्यंत प्रवाहात काही फरकच पडेना, कारण पुढच्या बारीक वाहिन्या आपोआप सैल होऊन कमतरता भरून काढत होत्या. पण औषध देऊन प्रवाह जास्तीत जास्त वाढवला की मात्र अर्ध्याच्या आसपासचा अडथळाही लगेच उघडा पडायचा. म्हंजे पेशंट निवांत पडलेला असताना तपासून उपयोग नाही, प्रवाह वाढवायला लावा आणि मग बघा कुठला भाग मागे पडतो. ही सगळी टेस्ट याच एका गोष्टीवर उभी आहे, बाकी सगळी मशिनरी.

आता तो प्रवाह फोटोत पकडायचा कसा? हृदयाचा स्नायू पोटॅशियम आत ओढून घेतो, म्हणून १९७३ मध्ये व्यायामाच्या वेळी पोटॅशियम-४३ टोचून बघितलं गेलं. कल्पना बरोबर निघाली पण त्याचे गॅमा किरण इतके जोरकस की त्या वेळच्या कॅमेऱ्याला नीट झेपेनात. मग थॅलियम-२०१ आलं, हेही पेशीच्या पंपातून पोटॅशियमसारखंच आत जातं. त्याची गंमत अशी की ते एका जागी बसत नाही. पळून दमल्यावर टोचलं आणि लगेच फोटो काढला तर रक्त कमी मिळणारा भाग फिका दिसतो, आणि तीन-चार तासांनी परत काढला तर तोच भाग भरलेला दिसतो. जो भरतो तो जिवंत आहे पण उपाशी आहे, जो फिकाच राहतो तिथं बहुतेक जुन्या अटॅकचा व्रण. एकाच सुईत दोन्ही उत्तरं.

पण थॅलियमचं अर्धायुष्य, म्हंजे ताकद निम्मी व्हायला लागणारा वेळ, ७३ तास, शरीरात बराच वेळ राहणार म्हणून डोस थोडाच देता येतो, त्यात किरण इतके कमजोर की छातीच्या भिंतीतच अडकतात, फोटो धुरकट. १९९० च्या सुमारास सेस्टामिबी हे टेक्नेशियम-९९एम जोडलेलं औषध वापरात आलं आणि चित्र पालटलं. टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तास आणि किरण कॅमेऱ्याला अगदी हवे तसे. लोक आणि बरेचसे डॉक्टरसुद्धा नाव मात्र थॅलियमचंच घेतात, आत टेक्नेशियम असतं.

सेस्टामिबी पेशीच्या मायटोकाँड्रियात जाऊन रुतून बसतं, परत फारसं सरकत नाही. म्हणून टोचल्या क्षणी जी प्रवाहाची स्थिती होती तीच तासाभरानंतरच्या फोटोत मिळते, घाई नाही. पण त्यामुळेच सुया दोन लागतात, एक आरामातली, एक ताणातली, आणि दोन्ही फोटो शेजारी लावून बघायचे.

बरं, ६ तासांचं अर्धायुष्य आपल्याकडच्या अंतरांना सोपं नाही. टेक्नेशियम मुंबईत तयार करून गाडीने पाठवलं आणि वाटेत आठ तास गेले तर सोलापुरात पोचेपर्यंत चाळीसच टक्के उरेल. म्हणून पाठवतात ते मॉलिब्डेनम-९९ चा जनरेटर, म्हंजे ज्यात मॉलिब्डेनमचं आपोआप टेक्नेशियम होत राहतं असा डबा, मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तास, आणि त्यातून रोज सकाळी सलाईनने टेक्नेशियम काढून घ्यायचं. सोमवारी भरलेला जनरेटर शनिवारपर्यंत पाव-एक ताकदीवर येतो, त्यामुळे लॅबवाले पेशंट गोळा करून ठराविक दिवशी का बोलावतात हे लक्षात येईल, उगाच अडवत नसतात.

आता इको सोडून इकडे कधी यायचं, ते एका उदाहरणावरच बघू. समजा अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर आयुष्य गेलेले ५८ वर्षांचे काका, बरीच वर्षं विडी, आता दोन जिने चढले की छाती भरून येते. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हंजे हृदयाच्या डाव्या बाजूला जाणारी विजेची वाट अडलेली. टीएमटी बाद, कारण या ब्लॉकमध्ये ईसीजीतल्या एसटी नावाच्या भागातल्या बदलांवर विश्वास ठेवता येत नाही. स्ट्रेस इकोत भिंत नीट हलते का ते बघायचं असतं, पण या ब्लॉकमध्ये हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमधला पडदा मुळातच वेडावाकडा हलतो, आणि विडीने फुगलेल्या फुप्फुसांतून इकोची खिडकीच धड मिळत नाही. अशा वेळी हालचाल बघण्यापेक्षा रक्तपुरवठा बघितलेला बरा.

पण इथंही एक खड्डा आहे. या काकांना ट्रेडमिलवर पळवून टेस्ट केली तर ठोके वाढल्यावर मधल्या पडद्याला सैल व्हायला वेळ पुरत नाही, त्याचा प्रवाह बाकीच्यापेक्षा कमी पडतो, आणि वाहिनी चांगली असूनही तिथं खोटा डाग उमटतो. म्हणून पळवायचं नाही, वाहिन्या सैल करून प्रवाह वाढवणाऱ्या अॅडेनोसिनची ड्रिप द्यायची, वजनाच्या दर किलोला मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम, आणि ड्रिप चालू असतानाच मध्यावर टेक्नेशियम टोचायचं. त्याआधी छातीत शिट्टी वाजतेय का ते ऐकायचं, वाजत असेल तर अॅडेनोसिन नको, श्वासनळ्या आवळतील. आणि आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, कारण कॅफिन अॅडेनोसिनला अडवतं. सकाळी स्टँडवर मारलेला एक कटिंगसुद्धा टेस्ट वाया घालवू शकतो आणि रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो, हे कुणी सांगतच नाही.

काकांच्या फोटोत मधला पडदा दोन्ही वेळा चांगला. खालची भिंत दोन्ही वेळा फिकी, पण गेटेड फोटोत, म्हंजे ईसीजीच्या ठोक्याशी जुळवून काढलेल्या फोटोत, ती छान आकुंचन पावतेय, तेव्हा तो व्रण नाही, छाती आणि पोटामधल्या पडद्याची सावली, पालथं झोपवून परत काढलं की बहुतेक निघून जाते. डावीकडची बाजूची भिंत मात्र ताणात फिकी आणि आरामात भरलेली. हा खरा इस्केमिया, म्हंजे रक्ताची उपासमार, डाव्या बाजूला वळसा घालून जाणाऱ्या सर्कमफ्लेक्स वाहिनीचा भाग. आता अँजिओ करायचं तर कुठं बघायचं ते माहीत आहे.

या टेस्टचा मोठा दोष असा की तुलना हृदयाच्या एका भागाची दुसऱ्याशी असते. तिन्ही वाहिन्या सारख्याच खराब असतील तर फोटो एकसारखा म्हणून नॉर्मल वाटतो, सगळा वर्ग नापास झाला तरी पहिला नंबर कुणाचातरी येतोच. मग ताणाच्या फोटोत डावा कप्पा मोठा दिसतोय का, पंपिंग खाली आलंय का, याकडे लक्ष ठेवावं लागतं.

आणि जिचा इको स्पष्ट दिसतो अशी पस्तीशीतली बाई असेल, किंवा झडपेचीही शंका असेल, तर माझ्या मते स्ट्रेस इकोच घ्यावा, रेडिएशन नाही, खर्च कमी आणि झडप त्याच बैठकीत बघून होते. गरोदर असेल तर हे स्कॅन शक्यतो टाळतातच, आणि अंगावर पाजणारी असेल तर सुई टोचायच्या आधी तसं सांगायचं.