सामाजिक विनिमय सिद्धांत आणि ग्रामीण विदर्भातील सोयरीक

नाते जोडताना आणि टिकवताना माणूस काय मिळेल, काय सोडावे लागेल याचा अंदाज घेतो, असे मानणारा समाजशास्त्रीय विचार म्हणजे सामाजिक विनिमय सिद्धांत. जॉर्ज होमन्स यांनी तो 1958 मध्ये मांडला आणि पीटर ब्लाऊ यांनी 1964 मध्ये वाढवला. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी 1973 पासून विवाहाला विवेकी निवडीचे, म्हणजे नफा-तोटा तोलून केलेल्या निवडीचे, अर्थशास्त्र लावले. विदर्भातील कास्तकार घरांत हा हिशेब उघडपणे बोलला जात नाही. पण साक्षगंधाआधी स्थळाची जी चौकशी होते, ती पाहिली की त्याची बहुतेक कलमे सापडतात.

या विचारातील सर्वांत उपयोगी भाग मानसशास्त्रज्ञ थिबो आणि केली यांनी 1959 मध्ये दिला. त्यांच्या मते माणूस प्रत्येक नाते दोन मापांनी मोजतो. पहिले माप अपेक्षेचे : आपल्याला साधारण काय मिळायला हवे. दुसरे पर्यायाचे : हे सोडले तर दुसरे काय मिळेल. पहिल्यावरून समाधान ठरते, तर माणूस नात्यात राहील की बाहेर पडेल हे दुसऱ्यावरून.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातील पाच एकर कोरडवाहू असलेल्या घरातील बी.ए. झालेल्या मुलीला दोन स्थळे आली आहेत. एक बारा किलोमीटरवरचे, दहा एकर कोरडवाहू कपाशीचे. दुसरे वरुडकडचे, तीन एकरच ओलीत आणि संत्र्याची बाग असलेले. मोठी बहीण नोकरीवाल्या घरी पडली असल्याने मुलीची अपेक्षा आधीच वर गेलेली आहे, आणि हाताशी दुसरे स्थळ असल्याने पर्यायही आहे. त्यामुळे एकरांनी दुसऱ्याच्या तिपटीहून मोठे असूनही पहिले स्थळ मागे पडते. त्या मुलाची बाजू उलटी असते. त्याच्या अपेक्षा कमी नसतात, पण पर्याय आटलेले असतात. म्हणून असे घर हुंडा मागत नाही, आणि कधी कधी दोन्हीकडचा लग्नखर्चही उचलते.

अंतराचाही हिशेब असतो. रोझेनझ्वाइग आणि स्टार्क या अर्थतज्ज्ञांनी 1989 मध्ये आयक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेने खेडेगावांतून गोळा केलेली माहिती तपासली. आयक्रिसॅटच्या त्या पाहणीत अकोला जिल्ह्यातील कंझरा हे गावही होते. ज्यांच्या शेतीचे उत्पन्न अधिक हेलकावे खाते, ती कुटुंबे मुली अधिक दूर देण्याकडे झुकतात आणि अशा सोयरिकीमुळे घरातील खाण्यापिण्याचे चढउतार कमी होतात, असे त्यांना दिसले. कारण साधे आहे : बारा किलोमीटरवरच्या इवायाचेही सोयाबीन पावसाच्या त्याच खंडाने वाळते, तेव्हा त्याच्याकडे हात पसरून उपयोग नाही. दूरचा इवाई त्या वर्षी सावरलेला असू शकतो. ही एक प्रकारची विमा व्यवस्थाच आहे. तिचा हप्ता मात्र मुलगी भरते, माहेर लांब पडल्याने.

लग्नानंतर हिशेब बदलतो. जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, हाती पगार नाही आणि माहेरी भावाचा संसार, अशा स्थितीत बाईचे पर्यायाचे माप खाली येते. ती राहते म्हणजे सुखी आहे असे म्हणणे म्हणूनच चूक. समाधान नसतानाही अवलंबित्व नाते टिकवते. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा दिला. तरी अनेक बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. वरवर हा अविचार वाटतो. पण जमीन मागितली तर दिवाळीला नेणे, बाळंतपण आणि अडचणीच्या वेळी माहेरी येण्याचा रस्ता बंद होण्याची भीती असते. ती जमीन देऊन माहेर राखते. व्यवहार विवेकी असला तरी न्याय्य म्हणता येत नाही, कारण भावाला माहेर राखायला काहीच द्यावे लागत नाही.

मैत्रीत ब्लाऊंचा भेद लागू पडतो : आर्थिक व्यवहारात परतफेड ठरलेली असते, सामाजिक विनिमयात ती काय आणि केव्हा हे मोकळे राहते. पेरणीला मित्राने बैलजोडी दिली आणि आपण संध्याकाळीच त्याच्या हातावर भाडे ठेवले, तर तो बहुधा दुखावतो. गड्याचा हिशेब मित्राशी केल्यासारखे होते. तीच मदत पुढे त्याच्या कपाशीच्या वेचणीला उभे राहून फेडली की मैत्री पुढे चालते. लग्नातल्या आहेराची वही मात्र नातलगांचे आकडे नेमके ठेवते, कारण त्यांच्या घरी तेवढेच परत करायचे असते.

सिद्धांताच्या मर्यादा दोन ठिकाणी उघड होतात. पहिली, प्रेम, अब्रू, पुण्य सारेच 'लाभ' ठरवले तर कोणतीही निवड विवेकीच ठरते आणि सिद्धांत काहीच सांगत नाही. लाभ कशाला म्हणायचे ते आधी ठरवावे लागते. दुसरी, बेकर यांच्या मांडणीत निवडणारे दोघे स्वतः असतात. इथे स्थळांचे वर्तुळ जात आणि पोटजात आखतात, आणि निवड बहुधा वडील, काका, मामा करतात. मुलीचा तोटा त्यांच्या हिशेबात धरलाच असेल असे नाही.