हिवतापाची रॅपिड चाचणी: कोणाला, कुठे, काय लागते आणि रेघ कधी चकवते

गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या पट्ट्यात ताप आला की आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात बोटातून रक्त घेऊन पट्टीवर चाचणी करतात. ती मोफत आहे. आत्ता ताप आहे किंवा गेल्या काही दिवसांत येऊन गेला, एवढीच पात्रता. तान्ह्या बाळाची आणि गरोदर बाईचीही चाचणी होते. चाचणीसाठी आधार कार्ड, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला यांपैकी काहीही लागत नाही. नाव, वय, पत्ता आणि ताप कधीपासून आहे ते आशाताई एम-१ फॉर्मवर लिहून घेतात.

तरीही एक कागद मी प्रत्येकाला सोबत आणायला सांगतो. आधी हिवताप झाला असेल तर त्या वेळच्या औषधांची चिठ्ठी आणि तिच्यावरची तारीख. ती का, हे पुढे येईल.

पाकिटाची मुदत पाहून ते चाचणीच्या वेळीच फोडायचे. बोट स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायचे, मग टोचायचे. ५ मायक्रोलिटर, म्हणजे अगदी इवलेसे रक्त पट्टीवरच्या रक्ताच्या खिडकीत सोडायचे आणि किटमधल्याच बफरचे सांगितलेले थेंब घालायचे. बफर संपले म्हणून पाणी किंवा सलाइन घातले तर हिवताप नसतानाही रेघ उमटू शकते. निकाल किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचायचा, बहुतेक किटमध्ये १५ ते २० मिनिटांनी. तासाभराने दिसलेली फिकी रेघ धरायची नाही. ‘सी’ची, म्हणजे चाचणी नीट चालली हे दाखवणारी रेघ आलीच नाही तर चाचणी बाद, नवी पट्टी घ्यायची. ‘सी’ची रेघ आली तरी पट्टी उन्हातान्हात खराब झालेली नाही याची खात्री ती देत नाही. म्हणून किट पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये.

आता रेघा. फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स हे हिवतापाच्या जंतूंचे दोन प्रकार. ‘पीएफ’ची रेघ हिस्टिडीन रिच प्रोटीन-२ हे प्रथिन पकडते. ते फक्त फाल्सिपेरम जंतू तयार करतो. दुसरी रेघ लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या विकराची. काही किटमध्ये ती फक्त व्हायवॅक्सचे विकर पकडते, काहींत कोणत्याही हिवताप जंतूचे. दोघांत मोठा फरक आहे. विकर जिवंत जंतूच बनवतो, म्हणून जंतू मेले की थोड्याच दिवसांत ते रक्तातून जाते. पहिले प्रथिन मात्र जंतू मेल्यावरही रक्तात कित्येक आठवडे रेंगाळते.

समजा, १२ जुलैला एका बाईला फाल्सिपेरम निघाला. तिने तीन दिवसांची औषधे पूर्ण घेतली, ताप उतरला. २ ऑगस्टला पुन्हा ताप आला आणि पट्टीवर ‘पीएफ’ची रेघ ठळक दिसली. चिठ्ठी नसेल तर कोणीही लगेच तीच औषधे पुन्हा देईल. चिठ्ठी असेल तर कळते की मध्ये फक्त २१ दिवस गेलेत आणि रेघ जुन्या आजाराचीही असू शकते. अशा वेळी रेघेवर निर्णय घ्यायचा नसतो. काचपट्टीवर रक्त घेऊन प्रयोगशाळेत पाठवायचे. सूक्ष्मदर्शकात वाढणारे जंतू दिसले तर औषध लागू पडले नाही किंवा नवी लागण झाली, म्हणून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन डॉक्टरांकडून औषध ठरवून घ्यायचे. जंतू नसतील तर या तापाचे कारण दुसरे, टायफॉइड, डेंग्यू, काहीही. तेच शोधले पाहिजे. जुन्या रेघेमुळे हा शोध राहून जातो, याची मला जास्त काळजी वाटते.

उलटीही चूक होते. रक्तात जंतू फार कमी असले, साधारण मायक्रोलिटरला २०० पेक्षा कमी, तर पट्टी निरंक येऊ शकते. तापाच्या पहिल्या दिवशी असे घडते. ताप टिकला तर एक-दोन दिवसांनी पुन्हा चाचणी करा. क्वचित जंतू अतोनात असले तरीही ‘पीएफ’ची रेघ उमटत नाही. शिवाय काही फाल्सिपेरम जंतूंमध्ये हे प्रथिन बनवणारे जनुकच नसते. पेरूमध्ये हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, पुढे एरिट्रियात फार मोठ्या प्रमाणावर आढळले, भारतातही तुरळक नोंदी आहेत. अशा रुग्णात ‘पीएफ’ची रेघ येत नाही. दुसरी रेघ फक्त व्हायवॅक्सची असेल तर निकाल पूर्ण निरंक दिसतो. ती सर्व जंतूंची असेल तर तेवढीच उमटते आणि फाल्सिपेरमला व्हायवॅक्स समजले जाते. म्हणून संशय दाट असेल तर पट्टी निरंक आली तरी काचपट्टी पाठवायला सांगा. तो तुमचा हट्ट समजला जाणार नाही.

संधिवाताच्या काही रुग्णांत रक्तातल्या एका घटकामुळेही खोटी रेघ येते. असा आजार असेल तर तो चाचणीआधीच सांगा.

आणि पट्टी काहीही म्हणो, रुग्ण बरळत असेल, झटके येत असतील, पाणीही पोटात ठरत नसेल किंवा लघवी काळपट होत असेल, तर निकालाची वाट न पाहता त्याला ताबडतोब रुग्णालयात न्या आणि वापरलेली पट्टी व जुनी चिठ्ठी सोबत द्या.